"हो गं, दाणे काढून देते": सांगलीतल्या एका ऑर्डरचं प्रकरण

विश्रामबागेत एक काकू घरातूनच फराळाचा आणि पार्टीच्या डब्यांचा धंदा करतात. मागच्या खोलीत दोन शेगड्या, एक मोठी कढई, एक लहान, दोन मिक्सर, मदतीला एक मुलगी आणि हिशेबाला काका. भडंग ही त्यांची खासियत. सांगलीत असं म्हणणं धाडसाचंच आहे, कारण इथे दर गल्लीत कुणाच्या तरी घरचं भडंग सगळ्यात भारी असतं. मी पूर्वी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यापासून अशा घरगुती व्यावसायिकांना लेबलं आणि स्वच्छता या दोन बाबतींत मदत करते, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. सगळ्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

बुधवारी दुपारी काकूंच्या फोनवर निरोप आला: "काकू, रविवारी संध्याकाळी चिरंजीवांचा वाढदिवस. ३० मुलं. भडंग, बटाटेवडा, हिरवी चटणी, शेव आणि ओल्या नारळाची वडी. त्यातल्या एका मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, तेवढं त्याच्या भडंगात दाणे नकोत."

काकूंनी लगेच कळवलं: "हो गं, दाणे काढून देते. काळजी करू नकोस."

काकू खोटं बोलल्या नव्हत्या. दाणे खरंच काढून देणार होत्या. पण ते उत्तर तसंच राहिलं असतं, तर रविवारी एक आठ वर्षांचा मुलगा दवाखान्यात असता. ते राहिलं नाही ते मदतीच्या मुलीमुळे. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "पण काकू, भडंगाला फोडणी शेंगतेलाचीच ना आपली?" काकू म्हणाल्या, "तेल वेगळं, दाणे वेगळे." म्हणाल्या खऱ्या, पण ते त्यांच्या डोक्यातून जाईना. रात्री त्यांनी मला फोन केला.

मी पहिलं एवढंच विचारलं, की चालत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं, हे तुम्ही विचारलंत का? नव्हतं विचारलं.

"चालत नाही" या शब्दाचा गोंधळ

आपल्या भाषेत "चालत नाही" हा फार मोठा डबा आहे. चतुर्थीला कांदा चालत नाही, वैद्यांचं औषध चालू आहे म्हणून आंबट चालत नाही, सासूबाईंना कवळीमुळे चकली चालत नाही, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. सगळ्यांना एकच क्रियापद. "वावडं" हा जुना शब्दही तसाच. त्याला वांग्याचं वावडं आहे म्हटलं तर ते नाक मुरडणं आहे की अंगावर उठणं, हे बोलणाऱ्यालाच माहीत. "पित्त उठतं" म्हणणारी माणसं तर नेहमी भेटतात. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठणं याला आपण पित्त म्हणतो, आणि पुष्कळदा ती अ‍ॅलर्जीच असते. ग्राहक "पित्त उठतं हो" असं हसत हसत म्हणतो, ऐकणाऱ्याला आम्लपित्त वाटतं, आणि विषय तिथेच संपतो.

विकणाऱ्याने डॉक्टर व्हायचं नाही. त्याला एवढंच कळायला हवं, की चुकून लागलेला कणसुद्धा या माणसाला महाग पडेल का. आवडीनिवडीत आणि उपासात कणाने काही बिघडत नाही, फार तर मन दुखावतं. काहींना दूध पचत नाही, त्यांचं पोट बिघडतं, पण तिथेही किती प्यायलं यावर त्रास अवलंबून असतो. अ‍ॅलर्जीचं गणित निराळं आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि अगदी थोड्या मात्रेवरही तुटून पडते. काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत, ओठ किंवा डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. वाढलं तर आवाज घोगरा होतो, छातीतून शिटीसारखा आवाज येतो, चक्कर येऊन माणूस कोसळतो.

थोडं म्हणजे किती, हे काकूंनी मला विचारलं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञगटाने शेंगदाण्यासाठी जे संदर्भप्रमाण सुचवलं आहे ते २ मिलिग्रॅम प्रथिन एवढं आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच जणांना ज्या मात्रेवर दिसण्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो, ती ही मात्रा. एका मध्यम दाण्यात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे एका दाण्याचे शंभर तुकडे केले, तर त्यातला एखाद-दुसरा. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "शंभर तुकडे? एवढं तर माझ्या नखात असतं."

काका मागून बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही. हा युक्तिवाद मी प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकते. ज्याला अ‍ॅलर्जी आहे तो बहुधा भडंग घेतच नाही, आणि ज्याला त्रास होतो तो विकणाऱ्याला सांगायला परत येत नाही, दुसरीकडे जातो. काकांचा दुसरा प्रश्न मात्र चांगला होता. भाजलं, तळलं की त्यातलं सगळं जात नाही का? जंतू जातात, हे प्रथिन जात नाही. शेंगदाण्यातली मुख्य प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. उलट कोरडं भाजल्याने त्यांची अ‍ॅलर्जी उठवण्याची ताकद वाढते असंच दिसलं आहे.

गुरुवारी सकाळी, काकूंच्या स्वयंपाकघरात

दुसऱ्या दिवशी मी गेले. काकूंना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं भडंग करा, मी नुसती उभी राहते. रविवारच्या पाचही पदार्थांत शेंगदाणा कुठून शिरू शकतो ते मला बघायचं होतं.

भडंगापासून सुरुवात झाली. काकूंची पद्धत अशी: कढईत घाण्यावरचं शेंगतेल तापवायचं, आधी त्यात दाणे तळून जाळीच्या झाऱ्याने काढायचे, मग त्याच तेलात लसूण, कढीपत्ता, जिरं, हळद, तिखट, आणि ती फोडणी चुरमुऱ्यांवर. म्हणजे "दाणे काढून देते" याचा अर्थ वरचे तळलेले दाणे घालायचे नाहीत, एवढाच. दाणे ज्यात उकळले ते तेल मुलाच्या पोटात जाणारच होतं. त्यात ते तेल घाण्याचं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या, म्हणजे रिफाइंड, तेलातून प्रथिन जवळजवळ निघून जातं. घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि ज्या वासासाठी आपण घाण्याचं तेल घेतो तो वासही त्याच न काढलेल्या भागातून येतो. काकूंना हे ऐकून वाईट वाटलं, कारण "लाकडी घाण्याच्या तेलातलं" हीच त्यांची जाहिरात आहे.

वडे आणि शेव तळायचं तेलही तेच. भडंगाचं उरलेलं तेल गाळून दुसऱ्या दिवशीच्या तळणीत जात होतं. शेवेच्या पुडीवर काकूंनी घटक लिहिले होते: बेसन, ओवा, तिखट, मीठ, "खाद्यतेल". शेंगदाण्याचं नावही नाही. ग्राहक ती पुडी वाचून निश्चिंत झाला असता.

मग चटणी. मी विचारलं, "हिरव्या चटणीत दाणे आहेत?" काकू ठामपणे म्हणाल्या, "छे, दाणे कुठले?" आणि बोलता बोलता डब्यातून दोन चमचे दाण्याचं कूट घातलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हे विसरणं नव्हतं. आपल्याकडे कूट हा दाणा राहत नाही, ते मिठासारखं, गुळासारखं हाताखालचं काहीतरी होऊन बसतं. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटी दाट करायला, खिचडीत, सगळीकडे ते असतं आणि कुणी मोजत नाही. म्हणून सातारा-सांगली भागातल्या माणसाला "यात शेंगदाणे आहेत का" असं विचारून भागत नाही. दाणे, कूट, शेंगतेल, दाण्याची चटणी असे चार वेगळे प्रश्न विचारावे लागतात, तेव्हा खरं उत्तर येतं.

चटणी वाटायचा मिक्सर दाण्याच्या चटणीचाच होता. भांडं स्वच्छ, चकचकीत घासलेलं. मी पात्याचा भाग उघडायला सांगितला. खालच्या रबरी वायसरच्या खाचेत तपकिरी, तेलकट लगदा बसलेला होता. तो काढायला सुई लागली. झाऱ्याच्या जाळीतही तेच. ओटा एकाच फडक्याने पुसला जात होता, आणि पुसण्याने लगदा जात नाही, पसरतो. मदतीची मुलगी दाणे पाखडून झाले की हाताला सॅनिटायझर लावायची. त्याने जंतू मरतात, प्रथिन हातावरच राहतं. ते साबण लावून वाहत्या पाण्याने धुवावं लागतं.

चुरमुरे कुठून येतात विचारलं. गणपती पेठेतल्या एका दुकानातून, आणि त्या दुकानाला एका भट्टीवरून. काकांनी फोन लावला. भट्टीवर फुटाणे, दाणे आणि चुरमुरे एकाच कढईत, त्याच वाळूत भाजले जातात असं समजलं. हे मला अपेक्षित होतं, काकूंना नव्हतं. आपण आपलं घर कितीही धुतलं तरी हा दरवाजा उघडाच होता.

राहिली नारळाची वडी. तिच्यावर काकूंचा फार भरवसा होता: ओला नारळ, साखर, दूध, वेलची, वरून पिस्त्याचे काप. "ही तर देऊ शकते ना त्याला?" मी काप बघायला मागितले. सुटे आणलेले, एकसारखे गर्द हिरवे, साल कुठेच नाही. खऱ्या पिस्त्याच्या कापाला कडेला बहुधा जांभळट सालीची रेघ असते आणि हिरवेपणा कमी-जास्त असतो. थोडे काप कोमट पाण्यात टाकले, पाच मिनिटांत पाणी हिरवं झालं. शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रातच पकडली गेलेली आहेत. हे काप नक्की कशाचे होते ते मी प्रयोगशाळेत तपासलं नाही, तपासायची गरजही नव्हती. ज्याच्याबद्दल खात्री देता येत नाही ते देता येत नाही.

असला बदल किती महाग पडतो याचा दाखला ब्रिटनमधल्या एका खटल्यात आहे. २०१४ साली तिथल्या एका भारतीय पद्धतीच्या हॉटेलातून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ग्राहकाने "दाणे-सुकामेवा नको" असं स्पष्ट सांगून रस्सा मागवला. डब्यावर तशी खूणही केली होती. मालकाने मात्र पैसे वाचवायला बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त, शेंगदाणा असलेली पूड वापरायला सुरुवात केली होती. तो ग्राहक त्या रात्री गेला. २०१६ मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. काकूंनी हे ऐकलं आणि पिस्त्याची पुडी सरळ कचऱ्यात टाकली. काका म्हणाले, "अहो, दुकानदाराला परत तरी द्यायची." मला वाटतं त्यांचंही बरोबरच होतं.

वेगळं करून दिलं तर?

काकूंचा स्वभाव नाही म्हणण्याचा नाही. त्या म्हणाल्या, रविवारी पहाटे सगळ्यात आधी त्या मुलाचं करते. नवी कढई, रिफाइंड सूर्यफूल तेलाची नवी पिशवी, कपडे बदलून, मुलीला हात लावू न देता. आम्ही यावर बराच वेळ बोललो, कारण हा विचार प्रामाणिक होता आणि अर्धा बरोबरही होता. सौम्य त्रास असलेल्या, स्वतःचं स्वतः ठरवणाऱ्या मोठ्या माणसासाठी, त्याला सगळं सांगून, असा प्रयत्न कदाचित करता येईल.

इथे अडचण अशी, की ते यशस्वी झालं की नाही हे कळायला काकूंकडे काही साधन नव्हतं. प्रथिनाला वास नाही, रंग नाही. शेंगदाण्याचे अंश ओळखणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या कारखान्यांत वापरतात. एका डब्यासाठी ते परवडत नाही, आणि पट्टीने घेतलेला नमुना स्वच्छ निघाला म्हणून शेजारचा चुरमुरा स्वच्छ असतोच असं नाही. शिवाय चुरमुरे त्याच भट्टीचे, तिखट-लसणाचा मसाला त्याच मिक्सरचा. शेवटी मी विचारलं, की त्या मुलाच्या आईला तुम्ही कोणतं वाक्य सांगाल? "यात शेंगदाणा नाही" असं छातीवर हात ठेवून म्हणाल? काकू म्हणाल्या, "नाही म्हणवणार." मग प्रश्न मिटला.

एक गोष्ट अजून राहिली होती, आणि माझ्या मते या प्रकरणातली तीच सगळ्यात सहज निसटणारी आहे. निरोप पाठवणारी आई ही त्या मुलाची आई नव्हती. ती यजमान होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, तिने काकूंना सांगितलं, काकूंनी मुलीला सांगितलं असतं. "गंभीर अ‍ॅलर्जी आहे, दवाखान्यात ठेवलं होतं" हे दुसऱ्या तोंडी "दाणे चालत नाहीत" होतं आणि तिसऱ्या तोंडी "दाणे आवडत नाहीत". ज्याला खरी माहिती आहे त्याच्याशी थेट बोलल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं.

फोन

मी एक मसुदा लिहून दिला: "आमच्या उत्पादनस्थळी शेंगदाणे व शेंगदाण्यापासून बनवलेले पदार्थ हाताळले जात असल्याने..." काकूंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे ऐकून ती फोन ठेवून देईल." त्यांनी स्वतःच फोन लावला.

"अगं, काल मी घाईत हो म्हणाले, ते चुकलं माझं. माझ्याकडे नुसते दाणे काढून भागत नाही. माझं तेल शेंगतेल, चटणीत कूट, तळणीची कढई एकच, मिक्सरपण एकच. चुरमुरे येतात तेसुद्धा दाणे भाजलेल्या कढईतले. वडीवरचा पिस्ता पण मला खात्रीचा वाटत नाही. त्या मुलाला माझ्याकडचं काहीच द्यायचं नाही, एक तुकडासुद्धा नाही. त्याच्या आईचा नंबर दे, मी बोलते तिच्याशी. बाकीच्यांचं मी करते, पण तिचं ऐकून मग ठरवू."

माझ्या मसुद्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं. चूक मागे घेतली, कुठे कुठे शेंगदाणा आहे ते नाव घेऊन सांगितलं, आणि निर्णय संदिग्ध ठेवला नाही. "शक्यतो देऊ नकोस", "थोडं चालेल बहुतेक" असली वाक्यं नव्हती. असल्या वाक्याने विकणारा मोकळा होतो आणि ऐकणारा अडकतो.

मुलाच्या आईशी वीस मिनिटं बोलणं झालं. गेल्या वर्षी एका समारंभात त्याने चटणीचा घास घेतला होता, दहा मिनिटांत ओठ सुजले, दोनदा उलटी, मग धाप. मिरजेला नेईपर्यंत त्याचा आवाज बसला होता. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा तो सावरला. ती चटणी कुणीतरी "खोबऱ्याची आहे" म्हणून वाढली होती. काकूंनी विचारलं, "मग बाकीची मुलं शेजारी बसून खातील ते चालेल का?" तिने सांगितलं, की शेजारच्या ताटामुळे त्याला आजवर काही झालेलं नाही, पण आठ वर्षांची मुलं एकमेकांच्या ताटात हात घालतात, आणि भडंग तर सगळीकडे उडतं. वडे बाकीच्यांनी खाल्ले तरी हरकत नाही. खाऊन झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

म्हणून भडंग रद्द झालं. हिरव्या चटणीऐवजी टोमॅटो सॉसच्या बंद पुड्या आल्या. वडीवरचा पिस्ता गेला. वडे आणि शेव बाकीच्या मुलांसाठी ठरल्याप्रमाणे. काकूंचे भडंगाचे ३० डबे, २५ रुपयांप्रमाणे ७५० रुपये गेले, हे काकांनी वहीत लाल शाईने लिहिलं. मी ते पाहिलं.

त्या मुलाच्या डब्याची युक्ती मात्र पूर्णपणे काकूंची. त्यांनी डब्यांच्या न फोडलेल्या गठ्ठ्यातून दोन डबे आणि वाढदिवसाचं स्टिकर शुक्रवारीच काकांच्या हाती त्याच्या आईकडे पाठवलं. तिने घरी केलेले वडे आणि लाडू त्यात भरले. रविवारी त्याच्यासमोर तोच डबा, तेच स्टिकर. बाकीच्या मुलांच्या डब्यांवर काकूंनी स्केचपेनने लिहिलं: "यात शेंगतेल आहे". यजमान आईने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: त्रासाची लक्षणं, १०८, जवळचं इस्पितळ, आणि "चक्कर आली तर झोपवा, उभं करू नका, चालवू नका". धाप लागली असेल तर बसू द्यावं, हेही तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. स्वतः टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे इस्पितळ गाठायला किती मिनिटं लागतात ते आधीच मोजलेलं बरं. अ‍ॅलर्जीची साधी गोळी खाज कमी करते, श्वास अडकला तर तिच्यावर थांबायचं नसतं.

रविवार नीट पार पडला.

त्यानंतर

काकूंनी एक दोनशे पानी वही केली. पदार्थाचं नाव, त्यात पडणारं सगळं, अगदी कूट आणि तेलासकट, आणि माल कुठून आणला ते. दुकान किंवा मार्का बदलला की त्या दिवशीची तारीख घालून नवी ओळ. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सापडल्या. डब्यातल्या हिंगात मैदा होता. बांधणीच्या हिंगात तो बहुधा असतो, पण गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्याची. शिऱ्यात घालायचे पिवळे बेदाणे गंधकाची धुरी दिलेले होते, आणि ती धुरी सल्फाइट मागे ठेवते. लेबलांसंबंधीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत ज्या घटकांचा अ‍ॅलर्जीसाठी वेगळा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइटही आहे. बाकी यादीत ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे व सुकामेवा आणि सोयाबीन. तीळ त्या यादीत नाही, जरी अमेरिकेने २०२३ पासून तिळाचा समावेश केला आहे. म्हणून पाकिटावर तिळाचा वेगळा इशारा नाही, एवढ्यावरून पदार्थात तीळ नाही असं धरता येत नाही.

लेबलं बदलली. शेवेच्या पुडीवर आता "शेंगदाणा तेल" असं स्पष्ट आहे आणि खाली ठळक: "यात शेंगदाणा आहे". काकांना सगळ्याच पुड्यांवर "शेंगदाणा, तीळ, गहू, दूध असू शकतं" असं एकदाच छापून मोकळं व्हायचं होतं. मी नको म्हटलं. जिथे खरंच संसर्गाची वाट आहे तिथे ते लिहायचं. सरसकट लिहिलं तर लोक ते वाचणं सोडतात, आणि मग खऱ्या ठिकाणचं वाक्यही वाया जातं.

मदतीच्या मुलीला एकच नियम आहे. अ‍ॅलर्जीचं कुणी विचारलं तर स्वतः हो किंवा नाही म्हणायचं नाही. "काकूंना विचारून सांगते" म्हणायचं, आणि वही काढायची. काकू घरी नसतील तर "आज सांगता येणार नाही, आज घेऊ नका".

मधे मी चिवडा आणायला गेले होते. दारात एक गृहस्थ उभे होते, साठीचे. भडंगाची पाव किलोची पुडी हातात घेऊन म्हणाले, "यात दाणे नसलेलं नाही का? मला दाणे चालत नाहीत." काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, वही ओढली आणि विचारलं, "चालत नाहीत म्हणजे काय होतं तुम्हाला?"

गृहस्थ जरा ओशाळले. "काही होत नाही हो. दातात अडकतात."